कॅटेगरीचा मार्जिन: टक्क्यांची सरासरी नको, रकमांची बेरीज हवी

प्रश्न: दर आठवड्याला मी कॅटेगरीनुसार ग्रॉस मार्जिनचा रिपोर्ट काढतो. डेटात प्रत्येक ओळीला मार्जिनचा टक्का आहेच, म्हणून पिव्होटमध्ये Average लावतो. अकाउंट्सवाल्यांचा आकडा मात्र माझ्यापेक्षा खूपच कमी येतो. ते म्हणतात, विक्रीच्या रकमेनं वजन द्या. म्हणजे नक्की काय करायचं, आणि आतापर्यंत पाठवलेल्या रिपोर्टचं काय?

उत्तर:

अकाउंट्सचा आकडा बरोबर आहे. कॅटेगरीतल्या सगळ्या ओळींची निव्वळ विक्री एकत्र करा, सगळ्या ओळींचा ढोबळ नफा एकत्र करा आणि सगळ्यात शेवटी, एकदाच, नफ्याला विक्रीनं भागा. वजन देणं म्हणतात ते एवढंच. ओळीतल्या टक्क्यांच्या कॉलमला हातच लावायचा नाही.

हे का, ते एका कॅटेगरीवर पाहू. समजा कॅटेगरी संगणक साहित्याची आहे आणि आठवड्यात पाचच वस्तू विकल्या गेल्या.

| वस्तू | नग | निव्वळ विक्री | खरेदी खर्च | ढोबळ नफा | मार्जिन |
|---|---|---|---|---|---|
| लॅपटॉप | ८ | ४,००,००० | ३,७२,००० | २८,००० | ७% |
| मॉनिटर | १० | १,२०,००० | १,०५,६०० | १४,४०० | १२% |
| कीबोर्ड | ३० | ३०,००० | २१,००० | ९,००० | ३०% |
| माउस | ४० | २०,००० | १३,००० | ७,००० | ३५% |
| केबल | १०० | १०,००० | ४,००० | ६,००० | ६०% |
| एकूण | १८८ | ५,८०,००० | ५,१५,६०० | ६४,४०० | |

शेवटच्या कॉलमची सरासरी काढली तर २८.८% येते. एकूण नफ्याला एकूण विक्रीनं भागलं तर ६४,४०० भागिले ५,८०,०००, म्हणजे ११.१%. यातला खरा कोणता हा मताचा प्रश्न नाही, तो उलटा हिशोब करून तपासता येतो. ५,८०,००० च्या विक्रीवर २८.८% मार्जिन असता तर नफा १,६७,०४० व्हायला हवा होता. वहीत आहेत ६४,४००. उरलेले लाखभर कुठेच नाहीत. रिपोर्टमधला टक्का त्याच ओळीतल्या विक्रीनं गुणला की नफ्याची रक्कम मिळालीच पाहिजे. न मिळाली तर तो त्या कॅटेगरीचा मार्जिन नव्हे. ही तपासणी रिपोर्टच्या प्रत्येक ओळीला लागू होते आणि मी ती शेजारच्या कॉलममध्ये कायमची ठेवतो.

साध्या सरासरीत गडबड होते ती अशी, की तिथे केबलच्या १०,००० च्या विक्रीला आणि लॅपटॉपच्या ४,००,००० च्या विक्रीला सारखंच एक मत मिळतं. बहुतेक कॅटेगऱ्यांमध्ये छोट्या, स्वस्त वस्तूंवर मार्जिन जास्त आणि मोठ्या वस्तूंवर कमी असतो. त्यामुळे चूक सहसा एकाच दिशेला होते आणि रिपोर्ट खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. तुमचा आकडा अकाउंट्सपेक्षा वर येतो त्याचं कारण बहुधा हेच.

वजन कशाचं?

इथे बरेच जण दुसऱ्या खड्ड्यात पडतात. वजन द्यायचं हे पटतं, पण नगांचं दिलं जातं. वरच्या उदाहरणात नगांनी वजन दिलं तर कॅटेगरीचा मार्जिन ४५% येतो, कारण १८८ पैकी १०० नग केबलचेच आहेत. साध्या सरासरीपेक्षाही हे वाईट. खरेदी खर्चानं वजन दिलं तर १०.१% येतो आणि ही चूक जास्त फसवी, कारण आकडा खऱ्याच्या इतका जवळ असतो की कुणाला शंका येत नाही.

नियम सोपा आहे: टक्का काढताना ज्या रकमेनं भागलं, तीच वजनाची रक्कम. मार्जिन म्हणजे नफा भागिले विक्री, म्हणून वजन निव्वळ विक्रीचं. तुमच्याकडे कुणी मार्कअप, म्हणजे खर्चावरचा टक्का मागत असेल, तर तिथे वजन खर्चाचं. पण बेरीज करून शेवटी भागलं की वजनाचा प्रश्न मनात आणायचीही गरज उरत नाही, कारण छेदाची बेरीज आपोआपच योग्य वजन देते. म्हणून मी `SUMPRODUCT` वापरून टक्क्यांना वजन लावण्यापेक्षा सरळ बेरजा करतो. दोन्हींचं उत्तर एकच, पण ओळीतला टक्का आधीच एका दशांशाला गोल केलेला असेल तर `SUMPRODUCT` मध्ये तो फरक शिरतो, बेरजेत शिरत नाही.

निव्वळ विक्री म्हणजे कर वगळून आणि सूट वजा करून राहिलेली रक्कम. सूट ओळीवर न देता पूर्ण बिलावर दिलेली असेल तर ती ओळींवर विक्रीच्या प्रमाणात वाटून घ्या. नाहीतर सगळ्या कॅटेगऱ्यांचे मार्जिन फुगलेले दिसतील आणि ती सूट 'इतर' नावाच्या कोपऱ्यात पडून राहील.

एक्सेल आणि डेटाबेसमध्ये

प्रत्येक ओळीत तीन रकमा तयार हव्यात: निव्वळ विक्री, खर्चाची रक्कम आणि दोन्हींची वजाबाकी म्हणजे नफा. खर्चाची रक्कम म्हणजे नग गुणिले प्रति नग खर्च, आणि हा गुणाकार ओळीतच करायचा. पुढे सगळीकडे फक्त बेरीज. भागाकार अगदी शेवटी.

एक्सेलच्या पिव्होटमध्ये PivotTable Analyze खाली Fields, Items & Sets आणि त्यात Calculated Field मिळतं. तिथे नवीन फील्ड असं लिहा:

```
= GrossProfit / NetSales
```

कॅल्क्युलेटेड फील्ड प्रत्येक ओळीचा टक्का काढून सरासरी घेत नाही. ते आधी दोन्ही फील्डांची बेरीज करतं आणि मग भागतं. आपल्याला हेच हवं आहे, आणि ते कॅटेगरीच्या ओळीला, सबटोटलला, ग्रँड टोटलला सगळीकडे बरोबर चालतं. मात्र याच स्वभावामुळे गुणाकार तिथे करू नका. `Qty * UnitCost` असं लिहिलंत तर एक्सेल सगळ्या नगांची बेरीज आणि सगळ्या प्रति नग खर्चांची बेरीज यांचा गुणाकार करेल, आणि येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसेल. पिव्होट डेटा मॉडेलवर बांधलेला असेल तर कॅल्क्युलेटेड फील्डचा पर्याय मिळत नाही. तिथे मेजर लिहा:

```
GM % := DIVIDE( SUM(Sales[GrossProfit]), SUM(Sales[NetSales]) )
```

डेटाबेसमधून थेट काढत असाल तर असं:

```sql
SELECT category,
       SUM(net_sales)            AS net_sales,
       SUM(net_sales - cost_amt) AS gross_profit,
       100.0 * SUM(net_sales - cost_amt)
             / NULLIF(SUM(net_sales), 0) AS gm_pct
FROM   sales_lines
WHERE  posting_date >= '2024-03-04'
  AND  posting_date <  '2024-03-11'
GROUP BY category;
```

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. `100.0` मधला दशांश ठेवा, कारण रकमेचे कॉलम पूर्णांक असतील तर पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर भागाकारही पूर्णांकात करतात आणि मार्जिन ११.१ ऐवजी ११ दाखवतात. `NULLIF` असल्यामुळे ज्या कॅटेगरीत विक्री शून्य आहे तिथे क्वेरी अडकत नाही, टक्का रिकामा येतो. आणि आठवडा सोमवारपासून पुढच्या सोमवारच्या आधीपर्यंत असा घेतला आहे. `BETWEEN` लावून रविवारची तारीख दिली आणि कॉलममध्ये वेळही साठवलेली असेल, तर रविवारची जवळजवळ सगळी विक्री गळते.

खर्च वेगळ्या टेबलमधून जोडून घेत असाल तर जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर निव्वळ विक्रीची बेरीज मिळते का पाहा. एका वस्तूला खर्चाच्या टेबलमध्ये दोन नोंदी असल्या, जुना दर आणि नवा दर, तर विक्रीची ओळ दुप्पट होते. विक्री आणि नफा दोन्ही फुगल्यामुळे टक्का बघून हे लक्षात येत नाही. रकमेची बेरीज बघूनच येतं.

परत आलेला माल

साध्या सरासरीचं सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही.

परतीची ओळ उणे असते. समजा ग्राहकानं एक लॅपटॉप परत केला. विक्री उणे ५०,०००, माल पुन्हा साठ्यात गेला म्हणून खर्च उणे ४६,५००, नफा उणे ३,५००. या ओळीचा टक्का काढा: उणे भागिले उणे म्हणजे अधिक, ७%. म्हणजे विक्री रद्द झाली आणि सरासरीत मात्र ती आणखी एक ७% ची विक्री म्हणून मोजली गेली.

आता समजा तोच लॅपटॉप मोडून आला आणि साठ्यात घेण्यासारखा नव्हता. क्रेडिट नोट पूर्ण ५०,००० ची गेली, पण साठ्यात काही आलं नाही म्हणून खर्च शून्य. नफा उणे ५०,०००, विक्री उणे ५०,०००, आणि मार्जिन अधिक १००%! आठवड्यातली सगळ्यात वाईट ओळ टक्क्यांच्या कॉलममध्ये सगळ्यात चांगली दिसते. वरच्या पाच ओळींत ही सहावी टाकून पाहा. साधी सरासरी २८.८ वरून ४०.७ वर चढते. बेरजेनं काढलं तर विक्री ५,३०,०००, नफा १४,४००, मार्जिन २.७%. एकाच मालासाठी एक रिपोर्ट आनंदाची बातमी देतो आणि दुसरा सांगतो की आठवड्याची बहुतेक कमाई त्या एका परतीत गेली.

खराब मालाचा तोटा कॅटेगरीच्या मार्जिनमध्येच धरायचा की वेगळ्या खात्यात, हे तुमच्या हिशोबाच्या पद्धतीवर ठरतं. अकाउंट्सना विचारून घ्या आणि तीच पद्धत ठेवा. महत्त्वाचं इतकंच, की ती रक्कम कुठेतरी एकदाच दिसली पाहिजे.

फुकट दिलेल्या वस्तूंचंही असंच. विक्री शून्य, खर्च आहे, टक्का काढता येत नाही म्हणून एक्सेल #DIV/0! दाखवतं. मग कुणीतरी `IFERROR` लावून ती जागा रिकामी करतं आणि सरासरीतून तो खर्च कायमचा गायब होतो. बेरजेत तो खर्च आपोआप धरला जातो, काही वेगळं करावं लागत नाही.

बेरीज केली तरी जे दुरुस्त होत नाही

खर्चच भरलेला नसेल तर वजन देऊन काही साधत नाही. उलट मोठ्या रकमेच्या वस्तूचा खर्च शून्य असेल तर बेरजेच्या पद्धतीत धक्का मोठा बसतो. वरच्या उदाहरणात मॉनिटरचा खर्च सिस्टिममध्ये आलाच नाही असं धरा. नफा १,७०,००० होतो आणि कॅटेगरीचा मार्जिन २९.३%. जुन्या सरासरीच्या २८.८ च्या हा इतका जवळ आहे, की ज्याला जुना आकडा पाहायची सवय आहे त्याला काहीच खटकणार नाही.

म्हणून रिपोर्ट पाठवण्याआधी एक छोटी यादी काढा: ज्या ओळींचा मार्जिन नेमका १००% आहे किंवा शून्याच्या खाली आहे त्या, विक्रीच्या रकमेनुसार मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेल्या. रकमेतलं उणे चिन्ह काढून क्रम लावा, नाहीतर परतीच्या ओळी तळाला जातात. वरच्या दहा-पंधरा ओळी बघितल्या की बहुतेक गडबड हाती लागते. १००% वाल्या ओळीत खर्च राहिलेला असतो किंवा खराब परती असते. शून्याखालच्या ओळीत प्रति नग आणि प्रति खोका यांचा घोळ असतो, नाहीतर खरंच तोट्यात विकलेलं असतं. शेवटचं असेल तर ते खरेदी-विक्रीवाल्यांना कळायलाच हवं.

मार्जिन पडला, का पडला?

पद्धत बदलल्यावर पहिल्याच महिन्यात तुम्हाला हा प्रश्न येईल. उत्तर आधीच तयार ठेवा. पुढचा आठवडा असा गेला असं समजा: लॅपटॉप ५,००,००० चे, मार्जिन ७.२%. मॉनिटर १,००,००० चे, १२.२%. कीबोर्ड २०,००० चे, ३०.५%. माउस १२,००० आणि केबल ८,०००, दोन्हींचा मार्जिन पहिल्यासारखाच.

एकाही वस्तूचा मार्जिन घटला नाही. तिघांचा तर वाढला. साधी सरासरी २८.८ वरून २९.० वर जाते. पण एकूण विक्री ६,४०,०००, एकूण नफा ६३,३००, म्हणजे मार्जिन ९.९%. विक्री ६०,००० नं वाढली आणि नफा १,१०० नं घटला. टक्क्यांच्या सरासरीनं रिपोर्ट करणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही.

झालं असं, की विक्रीत लॅपटॉपचा वाटा ६९% वरून ७८% वर गेला आणि लॅपटॉपवर कमाई सगळ्यात कमी. याचे दोन भाग वेगळे करता येतात. प्रत्येक वस्तूच्या मार्जिनमधला बदल या आठवड्याच्या वाट्यानं गुणा आणि बेरीज करा. तो दराचा परिणाम. वाट्यातला बदल मागच्या आठवड्याच्या मार्जिननं गुणा आणि बेरीज करा. तो मिश्रणाचा परिणाम. इथे दरामुळे सुमारे ०.२ अंकांची वाढ झाली, मिश्रणामुळे सुमारे १.४ अंकांची घट झाली, आणि निव्वळ घट १.२. ११.१ वरून ९.९ पर्यंतचा पूर्ण हिशोब यात लागतो.

मिश्रणाचा भाग मोठा असेल तर किमतींवर किंवा पुरवठादारावर खापर फोडण्यात अर्थ नाही. लॅपटॉप का जास्त गेले आणि त्यांच्यासोबत कीबोर्ड, माउस का गेले नाहीत, तिकडे बघावं लागतं. दराचा भाग मोठा असेल तर सूट किंवा खरेदीचा दर तपासायचा. म्हणून रिपोर्टमध्ये प्रत्येक कॅटेगरीसमोर मी टक्क्याशेजारी हे दोन छोटे कॉलम देतो. घट कुठून आली हे वाचणाऱ्याला फोन न करता कळतं. मात्र कॅटेगरीतला नवा माल, जो मागच्या आठवड्यात नव्हताच, त्याला मागचा मार्जिन नसतो. अशा वस्तूंसाठी मागचा मार्जिन म्हणून कॅटेगरीचा मागचा मार्जिन धरतो. दुसरी पद्धतही चालेल, फक्त दर आठवड्याला बदलू नका.

महिन्याचा आणि एकूण आकडा

जो नियम ओळींना तोच आठवड्यांना आणि कॅटेगऱ्यांना. चार आठवड्यांच्या टक्क्यांची सरासरी महिन्याचा मार्जिन नव्हे, आणि आठ कॅटेगऱ्यांच्या टक्क्यांची सरासरी पूर्ण धंद्याचा मार्जिन नव्हे. वरच्या दोन आठवड्यांत विक्री जवळपास सारखी असल्यामुळे दोन्ही रीतींनी १०.५% येतं, आणि त्यामुळेच ही सवय चालून जाते. सेलचा आठवडा आला, विक्री तिप्पट आणि मार्जिन निम्मा झाला, की दोन्ही आकडे फाकतात. म्हणून साठवून ठेवायच्या त्या रकमा: आठवडा, कॅटेगरी, निव्वळ विक्री, खर्च, नफा. टक्का साठवूच नका, दर वेळी काढा.

वस्तूंच्या टक्क्यांना मी अगदीच हाकलून देत नाही. किमती ठरवणाऱ्या माणसाला 'या कॅटेगरीतल्या एखाद्या वस्तूवर साधारण किती मार्जिन ठेवलेला असतो' हे हवं असतं. त्याला वस्तूंच्या मार्जिनचा मध्यक द्या, वेगळ्या पानावर, वेगळ्या नावानं. कॅटेगरीच्या कमाईच्या रिपोर्टमध्ये त्याला जागा नाही.

जुने रिपोर्ट

मागचे निदान १३ आठवडे नव्या पद्धतीनं पुन्हा काढा. एक तिमाही पुरी होते आणि कल बघता येतो. ओळींचा डेटा असेल तर वरची क्वेरी तारखा बदलून चालवायची, एवढंच काम. ओळी उरल्या नसतील आणि वस्तूनिहाय टक्के व निव्वळ विक्री हाताशी असेल, तर `SUMPRODUCT` नं जवळचा आकडा मिळतो. नुसते कॅटेगरीचे टक्केच उरले असतील तर त्यांच्यातून खरा आकडा निघत नाही. ते आठवडे तक्त्यातून काढून टाका.

जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी फक्त एकदाच दाखवा, बदल समजावणाऱ्या पानावर. दर आठवड्याला दोन्ही दिले तर ज्याला जो आकडा सोयीचा, तोच तो धरून बसतो. नव्या तक्त्याच्या तळाशी एक ओळ ठेवा: कोणत्या तारखेपासून मार्जिन 'एकूण ढोबळ नफा भागिले एकूण निव्वळ विक्री' असा काढला आहे आणि मागचे किती आठवडे त्याच पद्धतीनं दुरुस्त केले आहेत. कुणाचं टार्गेट जुन्या टक्क्यावर बांधलेलं असेल, तर नवा रिपोर्ट पाठवण्याआधी त्या माणसाशी बोला. २८.८ च्या आधारावर ३०% चं टार्गेट घेतलेल्या कॅटेगरी मॅनेजरला पहिल्या आठवड्यात ११.१ दिसला, तर त्याला ती स्वतःची घसरण वाटेल. त्याचं टार्गेटही त्याच मागच्या १३ आठवड्यांवर नव्या पद्धतीनं बांधून घ्यावं लागेल, आणि हे अकाउंट्सना सोबत घेऊनच करा.